यू टर्न कुठे मारायचा नाही आणि गेटमधून गाडी उलटी काढताना आधी काय काय बघायचं

ड्रायव्हिंग स्कूलवाले रिव्हर्स शिकवतात ते मोकळ्या मैदानात नाहीतर रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर, आणि टेस्टला एच आकाराच्या ट्रॅकवर गाडी मागे घेऊन दाखवली की लायसन्स हातात. खरी गंमत त्यानंतर. सोसायटीचं गेट, बाहेर दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्या, राँग साईडने सुसाट येणारा डिलिव्हरीवाला, आणि गाडी मागे घेतल्याशिवाय बाहेर निघतच नाही अशी परिस्थिती. हे नवीन लोकांसाठी लिहितोय. आधी यू टर्न उरकून घेऊ कारण तिथे नियम बराच स्पष्ट आहे, मग रिव्हर्सवर जरा निवांत बोलू कारण रोजची भानगड तिथे असते.

यू टर्न कुठे नाही

आपल्याकडे रस्त्यावर गाडी कशी चालवायची याचे नियम म्हणजे मोटार व्हेइकल्स ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स, २०१७. त्याआधी १९८९ चे होते, बऱ्याच गाईड बुकात अजून तेच छापलेले दिसतात, पण यू टर्नचं मूळ सूत्र साधंच आहे, जिथे मनाईचा बोर्ड आहे तिथे नाही आणि जिथे वाहतूक जोरात चालू आहे तिथेही नाही. हे दुसरं लोकांना माहीतच नसतं. बोर्ड म्हणजे पांढऱ्या गोलाला लाल कडा, आत उलटा यू सारखा बाण आणि त्यावर तिरकी लाल रेघ. तो दिसला की विषय संपला. पण बोर्ड नाही म्हणजे परवानगी आहे असं नाही, गर्दीच्या रस्त्यावर बोर्ड नसतानाही यू टर्न मारणं चुकीचंच आहे, आणि "इथे कुठे बोर्ड आहे?" हे उत्तर ट्रॅफिक हवालदारापुढे चालत नाही.

तिसरी गोष्ट रस्त्यावरचा पट्टा. मधोमध अखंड पट्टा असेल, एक असो की दोन, तर तो ओलांडायचा नसतो, आणि यू टर्न मारताना तो ओलांडावाच लागतो, त्यामुळे तिथे यू टर्न आपोआप बाद. तुटक पट्टा असेल तर बाकी सगळं मोकळं असल्यावर विचार करायचा. वळण, चढाचा माथा, पूल, फ्लायओव्हर, बोगदा, रेल्वे फाटकाच्या जवळ, झेब्रावर, या सगळ्या जागी बोर्ड शोधत बसू नका, नाहीच मारायचा, कारण समोरून येणाऱ्याला तुम्ही दिसता तेव्हा उशीर झालेला असतो.

एक्सप्रेसवे तर वेगळंच प्रकरण. मुंबई पुणे एक्सप्रेसवेवर लोणावळ्याला उतरायचं होतं आणि एक्झिट हुकला, तर यू टर्न नाही, मागे घेणं नाही, शोल्डरवर थांबून नकाशा बघणं पण नाही, गुपचूप पुढे जायचं आणि तळेगावच्या एक्झिटला उतरून परत यायचं. डिझेल जाईल, वेळ जाईल, घरचे बडबडतील, जाऊ दे. शोल्डरवरून पन्नास मीटर उलटा येणारा माणूस हा ऐंशी नव्वदच्या स्पीडने येणाऱ्या ट्रकसमोर स्वतःहून उभा राहतोय, त्याला त्या ट्रकवाल्याने चुकवावं अशी त्याची अपेक्षा असते, एवढाच त्याचा अर्थ.

हायवेवर आणखी एक सापळा आहे. ढाबा, पेट्रोल पंप किंवा एखाद्या गावाच्या सोयीसाठी दुभाजक फोडून वाट केलेली असते, दुचाकी आणि ट्रॅक्टर तिथून आरामात ये-जा करत असतात, ते बघून नवीन माणसाला वाटतं इथून चालतं वाटतं. ती अधिकृत ओपनिंग नसते. खऱ्या ओपनिंगला आधी बोर्ड असतो, दुभाजकाची टोकं गोल करून रंगवलेली असतात, आणि बऱ्याच ठिकाणी थांबायला उजवीकडे वेगळी लेन काढलेली असते. फोडलेल्या फटीत तुम्ही वळायला थांबलात की गाडीची डिकी तशीच सगळ्यात फास्ट लेनमध्ये बाहेर राहते, दुभाजक असतो जेमतेम एक दीड मीटरचा आणि गाडी जवळपास चार मीटर लांब. मागून येणारा काय करणार.

जिथे यू टर्न चालतो तिथेही एक हिशेब डोक्यात ठेवा. साधारण हॅचबॅकची टर्निंग रेडियस पाच मीटरच्या आसपास असते, म्हणजे एका दमात वळायला रस्ता दहा मीटर तरी लागतो. आपला नेहमीचा दोन लेनचा रस्ता सात मीटरचा. म्हणजे एका दमात गाडी वळणारच नाही, मधे अडकणार, मग रिव्हर्स, मग परत पुढे. हे सगळं करायला आठ दहा सेकंद लागतात आणि तेवढ्यात ताशी ६० ने येणारी गाडी १३० ते १६० मीटर पुढे आलेली असते. त्यामुळे दुभाजक नसलेल्या दोन लेनच्या रस्त्यावर यू टर्न हा बहुतेक वेळा चुकीचाच निर्णय असतो, त्यापेक्षा पुढच्या चौकातून फिरून या नाहीतर डावीकडच्या गल्लीत शिरून तिथे वळा.

अधिकृत ओपनिंगला करायचं असं. निदान तीस मीटर आधी आरसा बघून उजवा इंडिकेटर, लवकर उजव्या लेनला या, स्पीड कमी करा, आणि थांबून वाट बघताना पुढची चाकं सरळ ठेवा. हे फारसं कुणी सांगत नाही. चाकं उजवीकडे फिरवून थांबलात आणि मागून कुणी धडक दिली तर गाडी सरळ समोरच्या ट्रॅफिकमध्ये ढकलली जाते, चाकं सरळ असली तर आपल्याच लेनमध्ये राहते. समोरून येणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचं, त्यांचा हक्क पहिला. इंडिकेटर बिघडला असेल तर हाताचा सिग्नल, यू टर्नला तोच जो उजवीकडे वळायला असतो, लर्निंगच्या परीक्षेत हे विचारतात.

रिव्हर्स कुठे नाही

एकेरी रस्ता. हे पहिलं आणि सगळ्यात जास्त मोडलं जाणारं. लर्निंग लायसन्सच्या प्रश्नांत विचारतात, एकेरी मार्गावर काय करू नये, उत्तर असतं रिव्हर्स गिअरमध्ये गाडी चालवू नये, आणि सगळे बरोबर लिहून पास होतात. नंतर पुण्यात फर्ग्युसन रोडवर किंवा जंगली महाराज रोडवर, दोन्ही एकेरी आहेत, हॉटेलचं गेट पाच पावलं मागे राहिलं की सरळ रिव्हर्स टाकतात. "थोडंसंच तर आहे" म्हणतात. एकेरी रस्त्यावर मागून येणाऱ्याला समोरून काही येईल असं वाटतच नसतं, तो बेफिकीर असतो, म्हणून हे थोडंसं पण महागात पडतं. गेट चुकलं तर पुढे जाऊन फिरून यायचं, अर्धा किलोमीटर जास्त पडेल.

दुसरं म्हणजे अंतर. नियमाचा गाभा हा आहे की मागे घेण्याने कुणाला धोका किंवा विनाकारण त्रास होणार नाही याची आधी खात्री करायची, आणि गाडी वळवायला जितकी गरज आहे तितकीच मागे घ्यायची, त्याहून जास्त नाही. म्हणजे रिव्हर्स हा गिअर चार दहा मीटरच्या कामाचा आहे, गल्लीच्या टोकापर्यंत उलटं जायला नाही. गल्लीत समोरून टेम्पो आला आणि कुणीतरी मागे गेल्याशिवाय सुटत नाही, हा प्रसंग रोजचा आहे, तिथे ज्याच्या मागे मोकळी जागा जवळ आहे आणि ज्याच्या मागे रहदारीचा रस्ता नाही त्याने मागे जायचं. गल्लीच्या तोंडाशी असणाऱ्याने मेन रोडवर उलटं जायचं नाही, टेम्पोवाल्याने कितीही हॉर्न मारला तरी. इथे नवीन ड्रायव्हर घाबरून मागे सुटतो आणि गाडीची डिकी थेट मेन रोडवर जाते.

चौकात, सिग्नलला, झेब्रा ओलांडून पुढे थांबल्यावर परत मागे घेणं हेही बंद करा. मागे दुचाकी टेकून उभी असते आणि ती तुमच्या आरशात दिसत नाही. पुढे गेलात तर गेलात, आता हिरवा होईपर्यंत तिथेच.

गेटमधून उलटं निघायचं असेल तर

आता मेन काम. पण त्याआधी एक सवाल, उलटं निघायची गरज आहे का? रात्री घरी येताना गाडी उलटी आत लावली तर सकाळी तोंडाने बाहेर पडता येतं, आणि उलटं करायचंच असेल तर ते कंपाउंडच्या आतल्या बाजूला केलेलं बरं कारण आतमध्ये सुसाट येणारं कुणी नसतं. शांत गल्लीतल्या बंगल्याला, छोट्या सोसायटीला ही सवय लावून घ्या. एकेरी किंवा वर्दळीच्या रस्त्याला गेट असेल तर मात्र रस्त्यावर थांबून उलटं आत जाणंही नको, तोंडाने आत जा आणि आतच जागा करून गाडी वळवून लावा. आता जिथे यातलं काहीच शक्य नाही, जुन्या वाड्याचा बोळ आहे, भाडेकरूंच्या गाड्या पुढे मागे लागलेल्या आहेत, तिथे उलटंच निघावं लागतं, त्याचं बघू.

आधी आपलं गेट समजून घ्या, एकदा बसून कागदावर काढा, फार उपयोग होतो. समजा गाडी आत तोंड करून लावलीय, डिकी रस्त्याकडे. आपण डाव्या बाजूने चालणारे लोक, म्हणून गेटला लागून जी लेन आहे तिथली वाहनं कुठून येतात? तुम्ही सीटवर आत तोंड करून बसलात तर ती तुमच्या डाव्या हाताच्या बाजूने, डाव्या खांद्याच्या मागून येतात. आणि तुम्हाला बाहेर पडून त्यांच्याच दिशेने निघायचंय, तर डिकी डावीकडे फिरवायला लागते, म्हणजे रिव्हर्समध्ये स्टिअरिंग डावीकडे. आता गंमत बघा, ड्रायव्हर बसतो उजवीकडे. धोका येतो डावीकडून, शेजारच्या सीटच्या मागून, मागचं दार आणि डिकी यांच्या मधला तो जाड खांब आहे नेमक्या त्याच्या आडून. म्हणजे ज्या बाजूला सगळ्यात कमी दिसतं तिथूनच पहिली गाडी येणार. नवीन लोक उजव्या आरशात बघत मागे येतात कारण तो जवळ असतो आणि त्यात गेटचा पिलर दिसतो, त्यामुळे पिलर वाचतो आणि स्कूटी वाजते.

म्हणून पहिलं काम, सीटवर बसायच्या आधी गाडीला एक फेरी. मागचं बंपर ते गेटच्या बाहेरचा फूटपाथ, सगळं पायी बघून या. लहान मूल, सायकल, बॉल, गाडीखाली झोपलेलं कुत्रं किंवा मांजर, पाणी टाकायचा पाइप, गटाराचं निघालेलं झाकण, नुकतीच कुणीतरी आणून ठेवलेली वाळू. गाडीच्या डिकीच्या काचेची खालची कड तीन फुटांच्या वर असते, दोन अडीच वर्षांचं मूल बंपरच्या मागे उभं राहिलं तर आतून ते दिसतच नाही, तुम्ही मान कितीही वळवा. घरात लहान मुलं असतील तर गाडी निघताना मूल कुणाच्या तरी कडेवर किंवा हाताला धरलेलं, आणि तुम्हाला दिसेल अशा जागी, समोर. "ती आत खेळतेय" यावर विसंबायचं नाही, बाबा निघाले म्हणून टाटा करायला पोरं मागून धावत येतात. आणि फेरी मारून बसलात आणि तेवढ्यात फोन आला आणि पाच मिनिटं बोलत बसलात तर ती फेरी वाया, परत उतरा.

मग आतली तयारी. मागच्या काचेसमोरचं सामान, उश्या, ती मान हलवणारी खेळणी बाजूला. मागच्या सीटवर कुणी नसेल तर हेडरेस्ट खाली करा, बरंच जास्त दिसतं. पावसाळ्यात मागच्या काचेवरची वाफ आधी काढा, डिफॉगर असेल तर तो लावून थांबा, आणि साईडच्या आरशांवरचे थेंब फडक्याने पुसा, ओल्या आरशात दुचाकीचा दिवा नुसता ठिपका होतो. दोन्ही बाजूच्या काचा खाली, गाणी बंद, एसीचा पंखा कमी. कानाने अर्धं काम होतं, फक्त इलेक्ट्रिक स्कूटर ऐकू येत नाहीत आणि त्या आता भरपूर झाल्यात, म्हणून नुसत्या कानावर राहू नका.

सेन्सर आणि कॅमेऱ्याबद्दल. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे बनणाऱ्या कारला मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत, त्यामुळे तुमची गाडी त्यानंतरची असेल तर त्यात ते असतीलच. पण ते बंपरच्या मागचा मीटर दीड मीटरचा पट्टा बघतात, बास. भिंत, पिलर, मोठी गाडी हे कळतं. बारीक लोखंडी बार, लोंबणारी साखळी, जमिनीलगतचा दगड, उघडं गटार हे कळेलच असं नाही. आणि डावीकडून ३० च्या स्पीडने येणारी बाईक तर त्यांच्या हिशेबातच नाही, ती बीप वाजायच्या आत येऊन धडकलेली असते. कॅमेऱ्याची लेन्स रुंद असते म्हणून स्क्रीनवर माणूस आहे त्यापेक्षा लांब वाटतो, शिवाय पावसात चिखलाचा एक थेंब बसला की झालं. ही साधनं पार्किंगसाठी चांगली आहेत, रस्त्यावर निघायला तुमची मान लागते. मान म्हणजे खरंच मान, डावा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकून कंबरेतून वळायचं, डाव्या मागच्या काचेतून बघायचं.

मदतीला माणूस असेल तर उत्तम, पण त्याला काम नीट सांगा. आपल्याकडे वॉचमन काका गाडीच्या मागे उभे राहून बंपरकडे बघत "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत असतात आणि त्यांची पाठ रस्त्याकडे असते. याचा काही उपयोग नाही, उलट ते स्वतः अडकतात. बंपरपाशी काय आहे ते तुम्ही आत्ताच बघून आलाय, रस्त्यावर काय येतंय ते कुणीतरी बघायला हवं. काकांना गेटच्या बाहेर, फूटपाथच्या कडेला, तुमच्या डाव्या आरशात दिसतील असं उभं करा आणि तोंड येणाऱ्या गाड्यांकडे. ठरवून घ्या, हात वर म्हणजे थांब, आणि डिकीवर थाप पडली म्हणजे जिथे आहात तिथे ब्रेक, का ते नंतर विचारायचं. ते आरशातून दिसेनासे झाले की तुम्हीही थांबायचं, ते गाडीच्या मागेच गेलेले असू शकतात. आणि दोघं तिघं एकदम सांगायला लागले, एक म्हणतो येऊ दे एक म्हणतो थांब, तर थांबा आणि एकालाच ठेवा. त्यांनी "या" म्हटलं म्हणून ठोकली तरी जबाबदारी गाडी चालवणाऱ्याचीच राहते.

आता प्रत्यक्ष निघणं. रिव्हर्स टाका, टाकल्यावर लगेच सोडू नका, पांढरा दिवा लागलाय, जवळच्या माणसाला कळू दे, दोन श्वास थांबा. हाफ क्लचवर, पाय ब्रेकवर तयार, गाडी माणसाच्या चालीपेक्षा हळू. ऑटोमॅटिक असेल तर अ‍ॅक्सिलरेटरला हातच, म्हणजे पायच लावायचा नाही, ब्रेक सैल केला की गाडी आपोआप सरकते. गेटला चढाचा रॅम्प असेल तर तेवढ्यापुरता अ‍ॅक्सिलरेटर लागेल, तिथे खरी कसोटी अशी की चढ संपला की गाडी झटकन मागे पळते, म्हणून रॅम्पच्या वर पोचताच ब्रेक.

पहिला थांबा भिंतीच्या रेषेत. डिकी फूटपाथवर जायच्या आधी पूर्ण थांबायचं, चाक फिरत नाही असं. एक छोटा हॉर्न द्यायला हरकत नाही, हॉस्पिटल किंवा शाळेपाशी नको. दोन्हीकडे बघायचं, डावीकडे आधी आणि जास्त वेळ, मग उजवीकडे, कारण उजवीकडून नियमाने कुणी या लेनमध्ये यायला नको पण राँग साईडवाले तिथूनच येतात, मग परत डावीकडे. फूटपाथवर चालणारे आधी जातील, तुमच्या डिकीमागून निघायची त्यांच्यावर वेळ आणू नका.

इथे एक अडचण आहे ती समजून घ्या. हॅचबॅकमध्ये ड्रायव्हरच्या डोळ्यापासून मागच्या बंपरपर्यंत दोन मीटरच्या आसपास अंतर असतं, सेडानला त्याहून जास्त. म्हणजे भिंत संपून तुम्हाला रस्ता दिसायला लागतो तेव्हा दोन मीटर गाडी आधीच बाहेर गेलेली असते. फूटपाथ चांगला रुंद असेल तर तेवढी गाडी फूटपाथवरच मावते आणि तुम्ही वाचलात. फूटपाथ नसेल तर ती लेनमध्ये असते. याला उपाय एकच, इंच इंच. वीतभर मागे या, थांबा, परत वीतभर. प्रत्येक थांब्याला येणाऱ्या माणसाला तुमची डिकी दिसायला वेळ मिळतो, त्याला ती दिसली की तो हळू होतो किंवा बाजूने जातो. एकदम दोन मीटर बाहेर आलात तर दोघांनाही वेळ मिळत नाही.

आकड्यात बघू. गेट दहा फुटी, बाहेर लेन साडेतीन मीटरची, गेटच्या डावीकडे लागून एक कार लावलेली. ती कार तुमचा रस्ता झाकते, तुम्हाला फार तर पंधरा वीस मीटर दिसतं. तुम्ही बाहेर यायला, वळायला, थांबायला, पहिला गिअर टाकून निघायला सगळं मिळून दहा सेकंद धरा, नवीन असाल तर जास्तच. ताशी ३० ने येणारी स्कूटर दहा सेकंदात ८० मीटरच्या वर येते. तुम्हाला दिसतात वीस आणि लागतात ऐंशी. म्हणून मोकळं दिसलं की भर्रकन बाहेर, हा प्रकार इथे चालतच नाही, मोकळं दिसलं त्याचा अर्थ वीस मीटर मोकळे आहेत इतकाच. एक तर बाहेर माणूस उभा करायचा जो ऐंशी मीटर बघू शकतो, नाहीतर इंचाइंचाने बाहेर यायचं जेणेकरून येणारे तुम्हाला बघतील. तिसरा मार्ग नाही.

स्टिअरिंग कधी फिरवायचं? लवकर फिरवलं तर दोन्हीकडून नुकसान. रिव्हर्समध्ये डावीकडे स्टिअरिंग फिरवलं की डिकी डावीकडे जाते आणि नाक उजवीकडे झुलतं, म्हणजे उजवा पुढचा फेंडर गेटच्या उजव्या पिलरला घासणार, आणि डावं मागचं दार डाव्या पिलरच्या कोपऱ्याला. गेटला खरचटलेल्या गाड्या बघा, बहुतेक वेळा डाग पुढच्या फेंडरवर असतो, लोक मागे बघत असतात आणि लागतं पुढे. तर निम्मी गाडी सरळ बाहेर येऊ द्या, तुमचा दरवाजा पिलरच्या रेषेत आला की हळूहळू वळवायला घ्या, आणि दर थांब्याला एक नजर पुढच्या उजव्या कोपऱ्यावर. चार मीटरची गाडी अख्खी सरळ बाहेर काढली तर साडेतीन मीटरची लेन ओलांडून ती समोरच्या लेनमध्ये घुसते, म्हणून तेही नको. गेट अरुंद असेल आणि दोन्ही जमत नसेल तर मधेच थांबून थोडं पुढे घ्या आणि कोन बदलून परत या, त्यात कसली लाज.

इंडिकेटर का हझार्ड? बरेच जण चारही दिवे लावून मागे येतात. माझं मत, गाडी कडेला लागून निघायला लागली की हझार्डमुळे कुणाला कळत नाही की कुठे जाणार, त्यापेक्षा रिव्हर्सचा पांढरा दिवा पुरे आणि सरळ झाल्यावर उजवा इंडिकेटर देऊन लेनमध्ये. बाहेर आल्यावर जिथे सरळ झालात तिथे पूर्ण थांबा, पहिला गिअर, आरसा, मग निघा. आणि तुम्हाला खरं तर उलट दिशेला जायचंय? तर आत्ता यू टर्न नाही, समोरची लेन ओलांडून डिकी पलीकडे नेणं तर नाहीच. मिळालेल्या दिशेने जा, पुढच्या चौकातून किंवा ओपनिंगवरून वळा.

दंडाचं सांगून टाकतो कारण विचारतात. ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स मोडले की मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ए खाली ५०० ते १००० रुपये. वाहतुकीच्या उलट दिशेने चालवणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये, कलम १८४ खाली जाऊ शकतं, तिथे पहिल्या वेळी १००० ते ५००० रुपये किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. कुणाला लागलं तर मग भारतीय न्याय संहिता, ते वेगळं.

रोज अशाच गेटमधून निघावं लागत असेल आणि समोरच्या बाजूला खांब किंवा भिंत असेल तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये बाहेर फुगलेला गोल आरसा बसवायचा विषय काढा, मेन्टेनन्समधून सहज बसतो. तो बसवताना गाडीत बसून, गाडी भिंतीच्या रेषेत थांबवून, डावीकडची लेन त्यात दिसते का ते बघूनच स्क्रू आवळायला सांगा, नाहीतर वॉचमनच्या उंचीने लावतात आणि ड्रायव्हरला त्यात आभाळ दिसतं. त्या आरशात सगळं लहान आणि लांब वाटतं, त्यात स्कूटर दिसली म्हणजे ती वाटते त्यापेक्षा जवळ आहे असं धरून तिला जाऊ द्यायचं.